मामांचं पत्र: दुकानात आलेल्या प्रत्येकाला ‘या’ म्हणायचं, मदत विचारायची. पण गर्दीत हे जमवायचं कसं?

वाईचा_भाचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. वाईला माझ्या मामांचं किराणा दुकान आहे, चाळीस वर्षांचं. गिऱ्हाईक गावातलं आणि पसरणी, बावधन, मेणवलीकडचं. महिन्यापूर्वी मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ते आणि मामी पुण्याला ताईकडे आहेत आणि दिवाळीपर्यंत दुकान माझ्याकडे आहे. मी हिशेबात पक्का आहे, माल वेळेवर भरतो, काटा चोख ठेवतो. तरी मामांचं हे पत्र आलं. त्यांना विचारूनच इथे टाकतोय. घरची नावं आणि दोन खाजगी ओळी काढल्यात.

॥ श्री ॥

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

गुडघा बरा आहे. काल वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत गेलो. काळजी करू नये.

तुझ्या मामीला आळीतल्या एका वहिनींचा फोन आला होता. तक्रार नव्हती, विचारपूसच होती. पण बोलता बोलता म्हणाल्या, “दुकानात हल्ली कोणी वर बघत नाही.” या एका वाक्यावर मी दोन दिवस विचार करतोय म्हणून लिहायला बसलो.

तू “बोला” म्हणतोस हे मला माहीत आहे. मी असतानाही म्हणायचास. खाली बघून म्हटलेल्या “बोला”चा अर्थ गिऱ्हाईकाला “लवकर सांग” असाच ऐकू येतो. त्याऐवजी पायरीवर पाय पडला की मान वर करून “या” म्हण. बावधनची मंडळी असली तर “राम राम”. म्हातारं माणूस असेल तर “या, बसा” आणि स्टूल पुढे कर. बाईमाणसाचं वय बघून काकू-मावशी ठरवत बसू नकोस, “या ताई” म्हण. ज्यांना मी काकू म्हणतो त्यांना मी चाळीस वर्षं ओळखतो, तुझं तसं नाही.

आता तू म्हणशील, मापात चूक होईल. बरोबर आहे. काट्यावर साखर पडत असताना कोणाशी बोलू नकोस. आकडा थांबेपर्यंत डोळे आकड्यावरच हवेत, गिऱ्हाईकाचेही तिथेच असतात. पण पिशवीचं तोंड बांधताना हाताला डोळे लागत नाहीत. त्या वेळी मान वर करायची आणि मागे कोण आलंय ते बघायचं. “तुम्ही यांच्यानंतर” एवढं म्हटलं की माणूस दहा मिनिटं उभा राहतो. काही न बोलता दोन मिनिटं उभं केलंस तरी त्याला ती दहा वाटतात. शिवाय नंबर तुझ्या तोंडून ठरला की आपसात वाद होत नाहीत.

पोरांकडे लक्ष दे. गल्ल्याशेजारी गोळ्या-बिस्किटांच्या बरण्यांची रांग आहे ना, त्यामागे आठ वर्षांचं पोर दिसतच नाही. मोठी माणसं वरून हात पुढे करून सामान घेऊन जातात आणि ते मुठीत पैसे धरून तसंच उभं राहतं. मी डावीकडच्या दोन बरण्या काढून फट ठेवली होती. तू नवीन चॉकलेटचा डबा तिथेच ठेवलास असं कळलं. तो उचल.

आता पोह्यांचं. त्या वहिनींनी दोन किलो पोहे मागितले, तू जाडे दिलेस. त्यांनी घरी जाऊन भाजायला घेतले तेव्हा कळलं. जाडे पोहे नुसते भाजून चिवडा होत नाही, दाताखाली कच्चे लागतात. त्यांनी पिशवी परत आणली तेव्हा तू म्हणालास, “तुम्ही पोहे म्हणालात, पातळ म्हणाला नाहीत.” खरं आहे तुझं, त्या म्हणाल्या नाहीत. पण अश्विन महिन्यात कोणी दोन किलो पोहे कांदेपोह्यांना नेतं का? कांदेपोह्यांना घरात अर्धा किलो खूप झाले. मापावरून काम ओळखता येतं, बाळ. आणि ओळखलं तरी विचारायचं, “चिवड्याला ना? मग पातळ देतो.” एवढं विचारलं असतंस तर त्या परत आल्या नसत्या आणि फोनही झाला नसता.

मदत म्हणजे मी एवढंच समजतो. “काही मदत करू का” असं विचारलं की माणूस “नको” म्हणतो. ज्या प्रश्नाच्या उत्तराने आपला हात दुसऱ्या डब्याकडे जाईल तो प्रश्न विचारायचा. रवा मागितला तर “लाडवाला की उपम्याला?” लाडवाला बारीक, उपम्याला जाड. संक्रांतीला गूळ मागितला तर “लाडू की वडी?” कडक लाडू हवा असेल तर चिक्कीचा गूळ, मऊ वडीला आपला साधा. चिक्कीच्या गुळाची वडी केली तर ताटाला चिकटून बसते, साध्या गुळाचा लाडू कुरकुरीत होत नाही. आणि “कशाला पाहिजे?” असं कधीही विचारू नकोस. ते चौकशीसारखं लागतं. दोन नावं घेऊन विचार, म्हणजे आपल्याला माल कळतो हे त्यालाही कळतं.

कुठे विचारायचं नाही तेही सांगतो. संध्याकाळी अवेळी कोणी कापूर, काळे तीळ, तूप एकत्र मागितलं आणि चेहरा उतरलेला असला तर एक शब्द विचारू नकोस. पटकन बांधून दे, सुटे पैसे हातात दे आणि “या” म्हणू नकोस. पैसे नसतील तर लिहूनही ठेवू नकोस, ते आणून देतात.

ज्याची उधारी आहे त्यालाही तसंच “या” म्हणायचं, तोंड वेगळं करायचं नाही. चार माणसांत वहीचा विषय काढलास तर तो समोरच्या बाजूने जायला लागेल. उधारीही जाईल, माणूसही जाईल. बोलायचं ते दुकान बंद करताना, तो एकटा असताना.

पोत्याला हात लावण्याआधी विचार. “ठेवू का गाडीवर?” काही म्हाताऱ्यांना आपलं ओझं कोणी उचललेलं आवडत नाही, त्यांना फक्त सायकल धरून दिलेली चालते.

वहिनींच्या घरी पातळ पोहे घेऊन जा. जाडे परत घे, फरक मागू नकोस.

तुझा मामा

तर प्रश्न असा. पटतंय मला सगळं. पण सकाळी साडेआठ ते दहा आणि संध्याकाळी एसटीच्या वेळेला समोर सहा-सात जण असतात, दुकानात मी आणि एक पोऱ्या. प्रत्येकाला मान वर करून “या” आणि वर एक प्रश्न, हे करायला गेलो तर रांग रस्त्यावर जाते. ज्यांनी काउंटर सांभाळलाय त्यांनी सांगा.

---

काटेकोर

पत्र वाचून छान वाटलं, पण मामांचा काळ वेगळा होता. मी पुण्यात राहतो. दुकानात मी यादी पाठवून जातो, पिशवी उचलतो, यूपीआय करतो आणि निघतो. मला कोणी “या, बसा” म्हटलेलं नको असतं. दिवसभर लोकांशी बोलून डोकं शिणलेलं असतं. तुमचा हिशेब चोख आहे, माल चांगला आहे, एवढं मला पुरेसं आहे.

---

मार्केटिंगवाला_मनोज

काटेकोर, तुमच्यासारखे अपवाद सोडा. स्वागताने विक्री वाढते हे जगभर मान्य आहे. अमेरिकेत वॉलमार्टने दारात माणूस उभा केला तो विक्री वाढवण्यासाठीच. धागाकर्त्याला माझा सल्ला: प्रत्येक गिऱ्हाईकाला शेवटी “अजून काय?” विचारा, आणि विचारताना काउंटरवरच्या एका नव्या वस्तूकडे बोट दाखवा. दहातले दोन घेतात.

---

आरती_टेक्सास

मनोज, दारातल्या माणसाची गोष्ट थोडी वेगळी आहे. सुरुवात 1980 मध्ये लुइझियानातल्या क्राउली गावच्या दुकानात झाली. तिथे चोऱ्या होत होत्या. दारात पहारेकरी ठेवला तर प्रामाणिक गिऱ्हाईकाला अपमान वाटणार, म्हणून मॅनेजरने एक वयस्कर गृहस्थ उभे केले. येणाऱ्याला नमस्कार, जाणाऱ्यावर लक्ष. वॉलमार्टचे संस्थापक सॅम वॉल्टन दुकान बघायला आले तेव्हा त्यांना ती कल्पना आवडली आणि मग ती सगळीकडे गेली. म्हणजे जे चोरायला आले होते त्यांना “तुम्हाला बघितलंय” हे सांगायचं होतं आणि बाकीच्यांना तेच आदर म्हणून पोचत होतं.

मला मामांच्या पत्रातही हेच दिसलं. बघितलं जाणं. बरणीमागचं पोर हे त्याचं टोकाचं उदाहरण.

---

मार्केटिंगवाला_मनोज

चोरीचं माहीत नव्हतं, धन्यवाद. पण “अजून काय?” वर मी ठाम आहे.

---

जुना_तराजू

इचलकरंजीत एकतीस वर्षं किराणा केला, आता मुलगा बघतो. धागाकर्त्याच्या मूळ प्रश्नाला उत्तर देतो, कारण अजून कोणी दिलेलं नाही.

गर्दीत मान वर होत नाही याचं कारण तुमचा स्वभाव नाही, तुमचे हात आहेत. तुम्ही गर्दीच्या वेळी सुटा माल तोलताय. साखर एक किलो, तूरडाळ अर्धा किलो, रवा अर्धा किलो. प्रत्येक तोलाला पोत्यापर्यंत जाणं, माप, काटा, पिशवी, गाठ. एका यादीत असे सहा-सात तोल असले की तुमची नजर सगळा वेळ खालीच राहणार. तिथे मामांचं पत्र पाठ करूनही उपयोग नाही.

दुपारी दोन ते चार दुकान रिकामं असतं. त्या वेळात जे रोज जातं तेवढंच बांधून ठेवा. साखर एक किलो आणि अर्धा, तूरडाळ अर्धा, शेंगदाणे अर्धा आणि पाव. आमच्याकडे गर्दीतले निम्म्याहून जास्त तोल असे कमी झाले. मग गर्दीत तुमचं काम उरतं फळीवरून पिशवी काढून देणं आणि ते करताना माणसाशी बोलता येतं.

यात दोन गोष्टी बिघडतात. रवा आणि मैदा जास्त बांधून ठेवला तर पिशवीतच जाळी धरतो, पावसाळ्यात तर लवकरच. म्हणून दोन दिवस जाईल एवढाच. पिशवीच्या कोपऱ्यात रव्याचे दाणे एकमेकांना धागा लागल्यासारखे लटकले की समजा, ती पिशवी द्यायची नाही. दुसरं, बांधलेल्या मालावर काही लोकांचा विश्वास नसतो आणि तो त्यांचा हक्क आहे. कोणी नुसतं पिशवीकडे दोनदा बघितलं तरी त्याने सांगायच्या आधी उचलून काट्यावर ठेवा. आकडा दिसला की संपलं. मी तर पिशवीच्या वजनाचे चार-पाच ग्रॅम माल जास्तच भरायचो.

प्रश्न विचारायचा मुद्दा. सगळ्यांना विचारायचं नसतं. तुमच्या मामांनी ते लिहिलंयच पण तुमच्या नजरेतून सुटलं असेल. ज्या प्रश्नाच्या उत्तराने हात दुसऱ्या डब्याकडे जाईल तोच. मीठ, साखर, काडेपेटी मागणाऱ्याला काय विचारणार? अख्ख्या किराण्यात असा माल मोजून आठ-दहा: पोहे, रवा, गूळ, तांदूळ, साबुदाणा, बेसन, मिरची, शेंगदाणे. तांदूळ मागितला तर “रोजच्या भाताला की इडलीला?” मिरची मागितली तर “रंगाला की तिखटाला?” रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी. दिवसाला असे पंधरा-वीस प्रश्न होत असतील. त्याने रांग रस्त्यावर जात नाही.

---

वाईचा_भाचा

काका, हे डोक्यातच आलं नव्हतं. दुपारी दोन ते चार मी मोबाइलवर हिशेब टाकतो. ते रात्री करता येईल. एक शंका: मामा कधी बांधून ठेवायचे नाहीत, तरी ते बोलायचे सगळ्यांशी. ते कसं?

---

जुना_तराजू

त्यांच्या काळी पोऱ्या तोलत असेल आणि ते गल्ल्यावर असतील. त्यांनाच विचारा.

---

मधुमालती

चिवड्याचा विषय निघालाय म्हणून विचारते. चकलीच्या भाजणीचं प्रमाण दुकानदार बरोबर सांगतात का हो? मला गेल्या वर्षी दुकानदाराने एक किलो तांदळाला अर्धा किलो हरभरा डाळ आणि पाव किलो उडीद डाळ दिली. चकल्या झाल्या छान. पण सासूबाई म्हणतात त्यात मूगडाळ हवीच, नाहीतर कडक होतात. कोण बरोबर?

---

सुगरण_नाही_पण

आमच्याकडे एक किलो, अर्धा, पाव असंच, मूठभर पोहे आणि धणे-जिरे. मूगडाळ नाही. कडक होतात त्या मोहन कमी पडल्यामुळे.

---

मधुमालती

सासूबाई नाही म्हणतायत. मूगडाळ हवीच.

---

जुना_तराजू

मधुमालतीताई, दोन्ही पद्धती आहेत, आणि तुमचा प्रश्न इथे अगदीच अस्थानी नाही. असंच गिऱ्हाईक दुकानात येतं. नवीन लग्न झालेली मुलगी येते आणि म्हणते, “भाजणीचं सामान द्या.” दुकानदाराला प्रमाण पाठ असतं, तो बांधून देतो. पण ते त्याच्या घरचं प्रमाण असतं. मी विचारायचो, “तुमच्या घरी मूगडाळ घालतात का?” बहुतेक वेळा तिला माहीत नसायचं. मग मी तांदूळ, हरभरा डाळ आणि उडीद डाळ बांधायचो, मूगडाळ पाव किलो वेगळ्या पुडीत द्यायचो आणि सांगायचो, “घरी विचारा, नको असेल तर परत आणा.” परत आलेली मूगडाळ मी कधी नाकारली नाही. तिला घरी जाऊन सासूसमोर “दुकानदाराने असंच दिलं” म्हणायची वेळ येऊ द्यायची नाही.

मनोजरावांच्या “अजून काय?”बद्दल. एकदा विचारायला हरकत नाही, लोक खरंच विसरतात. पण बोट दाखवून नवी वस्तू पुढे केली की माणूस पुढच्या वेळी तुमच्याकडे बघायचंच टाळतो. बोट दाखवण्याऐवजी त्याच्या यादीत जे कमी आहे त्याचं नाव घ्या. रवा, तूप, पिठीसाखर घेतली आणि वेलची नाही घेतली तर “वेलची आहे का घरी?” इतकंच. “आहे” म्हणाला तर विषय संपला.

---

मार्केटिंगवाला_मनोज

हे मान्य. तरी नवा माल कोणाला दाखवायचाच नाही, तर तो खपणार कसा हा प्रश्न राहतोच.

---

सावली_दुपारची

मला एक वेगळी बाजू मांडायची आहे. आमच्या घराजवळ एक दुकान आहे, नाव नको. तिथला मुलगा सगळ्यांना मोठ्या आवाजात विचारतो, “बोला ताई, काय देऊ?” मी सॅनिटरी पॅड घ्यायला गेले की समोर चार पुरुष उभे असतात. मी “थांबा, यांचं होऊ दे” म्हणते. तो पुन्हा विचारतो, “नाही नाही, तुम्ही बोला, तुमचा नंबर आहे.” त्याचं मन चांगलं आहे, मला कळतं. पण मी दोनदा काहीच न घेता आले आहे, एकदा नको असलेला साबण घेऊन आले आहे. नंबर पाळणं ही मदत आहे, पण काहींना नंबर सोडून द्यायचा असतो.

मामांनी कुठे विचारायचं नाही ते लिहिलं, पण हे त्यांच्या यादीत नाही.

---

वाईचा_भाचा

ताई, हे माझ्याकडूनही झालं असेल. मला खरंच आठवतंय, एक मुलगी दोन दिवस लागोपाठ फक्त पेन घेऊन गेली. काय करावं मी?

---

सावली_दुपारची

तिला विचारू नका. पाकिटं काउंटरच्या मागे वरच्या फळीवर असतील तर खाली, बाजूच्या मांडणीवर ठेवा, जिथे हाताने घेता येतील आणि किंमत वाचता येईल. आम्ही उचलून इतर सामानासोबत गल्ल्यावर ठेवू. तुम्ही फक्त पैसे घ्या.

---

आरती_टेक्सास

आणि ते वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत देणं बंद करा. लपवण्यासारखं काय आहे त्यात?

---

सावली_दुपारची

आरती, तुझं म्हणणं पटतं, पण मी ज्या आळीतून घरी जाते तिथे मला आज तरी ती पिशवी हवी असते. दुकानदाराने स्वतःहून गुंडाळू नये आणि मागितली तर नाहीही म्हणू नये.

---

आरती_टेक्सास

मग ती कधीच जाणार नाही. असो, यावर वेगळा धागा काढते.

---

काटेकोर

सावलीताईंचं वाचून मला माझंच म्हणणं नीट सांगता येईल असं वाटतंय. मला स्वागत नको असं नाही. मला संभाषण नको असतं. आमचा दुकानदार मी गेलो की नुसती मान हलवतो आणि माझी पिशवी पुढे ठेवतो. त्याने ती मानही हलवली नाही तर मला खटकेल, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. मागच्या महिन्यात माझे वडील गेले. त्यानंतर पहिल्यांदा दुकानात गेलो तेव्हा त्याने पिशवी पुढे ठेवली नाही, तो बाहेर येऊन माझ्या हातात देऊन गेला. बोलला काहीच नाही.

---

जुना_तराजू

काटेकोर, वाईट वाटलं ऐकून. तुमचा दुकानदार जाणता आहे.

---

ओसरी

मी दुकानदार नाही, शाळेत शिकवते. बरणीच्या फटीबद्दल वाचून माझ्या वर्गातल्या एका मुलाची आठवण झाली. तो बोलताना अडखळतो. त्याची आई त्याला मुद्दाम दुकानात पाठवते, सवय व्हावी म्हणून. दुकानदार प्रेमापोटी त्याचं वाक्य पूर्ण करतो, “चहापूड ना? पाव किलो ना?” आणि तो मान हलवून मोकळा होतो. आईने दुकानदाराला सांगितलं की वाट बघा. आता तो वाट बघतो, पण मागचे लोक बोलतात, “अरे दे ना त्याला, काय पाहिजे ते.” भाच्याने अशा वेळी काय करावं, मला माहीत नाही, पण मामांना विचारून बघा.

---

वाईचा_भाचा

मामांना फोन केला होता. पोऱ्या तोलायचा आणि ते गल्ल्यावर बसायचे, हे जुना तराजू काकांनी बरोबर ओळखलं. मामा म्हणाले, “मी तोलायला उठलो की मलाही वर बघायला जमायचं नाही, म्हणून तर मी उठायचो नाही.” आता पोऱ्या तोलतो, मी गल्ल्यावर. तो तोलात माझ्याइतका चोख नाही, म्हणून दुपारचं बांधणं मी करतो आणि गर्दीतलं उरलेलं तो.

ओसरीताई, तुमचा प्रश्न सांगितला. ते म्हणाले, मागच्यांना “यांचं होतंय” म्हणून त्यांच्याकडे बघत राहायचं, पोराकडे नाही. पोराकडे सगळे बघत राहिले की त्याला जास्त अडखळायला होतं. माझ्याकडे असं कोणी येत नाही, त्यामुळे करून बघता आलेलं नाही.

चॉकलेटचा डबा काढला. काल संध्याकाळी सात वाजता, पूर्ण गर्दीत, त्या फटीतून एक हात आला. मुठीत घामाने ओली झालेली दहाची नोट. मी वाकून बघितलं तर वरच्या आळीतली एक लहान मुलगी. “किती वेळ झाला येऊन?” विचारलं तर म्हणाली, “मगाशी.” मोठे चार जण थांबवून तिला आधी बिस्किटं दिली. कोणी काही बोललं नाही.

पॅडची पाकिटं खालच्या मांडणीवर आणली. पिशव्या गल्ल्याशेजारी टांगून ठेवल्यात, ज्याला हवी तो घेईल. ती मुलगी अजून आलेली नाही.

आणि पोहे. परवा रात्री दुकान बंद करून वहिनींकडे दोन किलो पातळ पोहे घेऊन गेलो. सोबत पोहे चाळायची आपली चाळणी नेली, कारण पातळ पोह्यांत तूस आणि भुगा निघतो आणि त्यांच्याकडे मोठी चाळणी नसेल असं मामा म्हणाले होते. त्यांच्याकडे होती. पोहे ठेवून घेतले, जाड्यांची पिशवी परत दिली. मी फरक मागितला नाही, त्यांनी मला बळेच दिला. दिवाळीचं बाकीचं सामान मात्र त्यांनी आधीच दुसरीकडून भरलं होतं, स्वयंपाकघराच्या दारात पिशव्या दिसत होत्या. मी निघताना विचारलं, “पुढच्या महिन्याची यादी पाठवाल ना?” त्या म्हणाल्या, “बघू.”

काल दुपारी त्यांचा मुलगा येऊन अर्धा किलो शेंगदाणे घेऊन गेला. मी विचारलं, “चिवड्याला का?” तो म्हणाला, “आईने सांगितलं, विचारलं तर हो सांग.”

---

जुना_तराजू

चिवड्याला दिलेत तर दाणे मोठे दिलेत का बारीक?

---

वाईचा_भाचा

मोठे. खवट नाहीत ना म्हणून दोन दाणे खाऊनही बघितले त्याच्यासमोर, आणि त्यालाही दिले.